निरोपाचा कागद आणि एक म्हण



ह्या व्याख्यानमालेत गेले काही दिवस मोठमोठ्या विषयांचा ऊहापोह झाला. आमचा विषय एका कागदाएवढा आहे. सोबत काम केलेला माणूस निघाला की त्याला निरोप म्हणून एक कागद वाचून दाखवायची रीत आहे. त्या कागदात एखादी म्हण नाही तर एखादा श्लोक घालतात. तो कसा निवडावा आणि कुठे बसवावा, एवढेच आज सांगायचे आहे. आमची शाळा सातवीतच सुटली. पुढचे वाचन संघटनेच्या कचेरीतल्या एका कपाटाने आणि नगरवाचनालयाने करून घेतले. त्यामुळे आमच्या बोलण्यात शास्त्र कमी आणि अनुभव जास्त असेल. तीसएक वर्षे कामगारांत वावरताना असे कागद आम्ही पुष्कळ लिहिले, आणि त्याहून जास्त ऐकले.

आधी निरोप ह्या शब्दाकडे पाहू. मराठीत निरोप म्हणजे सांगावा, आणि निरोप म्हणजे रजाही. जाणारा तो घेतो आणि राहणारे तो देतात. ज्याला हा दुहेरी अर्थ ध्यानात राहतो, त्याचा कागद निम्मा चुकण्यावाचून वाचतो. कारण नुसती रजा द्यायची तर हार पुरतो. कागद लिहायचा तर त्यात काहीतरी सांगावाही असायला हवा. जाणाऱ्याने तो घरी न्यावा, चार दिवसांनी पुन्हा वाचावा, आणि हे माझ्याविषयीच आहे असे त्याला वाटावे.

आपल्या भाषेत निघताना कोणी ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतात. घरातून कोणी चुकून ‘जातो’ म्हणाले तर म्हातारी माणसे आत बोलावून पुन्हा म्हणायला लावत. जाण्याच्या प्रसंगी मराठी कान फार हळवा असतो. त्या कानाला काय खुपते हे ज्याने ओळखले नाही, तो निरोपाच्या कागदात हमखास ठेच खातो.

एक साधे उदाहरण. समारंभात शाल आणि श्रीफळ देतात. कार्यवृत्त लिहिणाऱ्याने ‘त्यांना नारळ देण्यात आला’ असे लिहिले की सगळी सभा हसते. निघणाऱ्याच्या हाती नारळ ठेवायच्या जुन्या रीतीवरून आलेला तो शब्दप्रयोग आज नोकरीवरून काढून टाकणे ह्याच अर्थी राहिला आहे. आम्हा संघटनावाल्यांना तर तो शब्द रोजच्या भाकरीसारखा. म्हणून वस्तू तीच असली तरी लिहिताना श्रीफळच लिहावे. तसेच फलकावरचे ‘भावपूर्ण’. चौकाचौकांतल्या श्रद्धांजलीच्या फलकांनी तो शब्द इतका वापरला आहे, की ‘भावपूर्ण निरोप’ असे मोठ्या अक्षरांत आणि शेजारी हार घातलेला फोटो पाहून रस्त्याने जाणारा क्षणभर थबकतो. त्यात दोष कोणाचाच नाही. पण जो जिवंत माणूस समोर खुर्चीवर बसला आहे त्याच्या मनाचा विचार करावा.

आता श्लोक आणि अभंग. निवृत्तीच्या समारंभात दोन गोष्टींची आठवण हटकून होते. एक तुकोबांचा, आपल्या गावाला निघाल्याचा अभंग. दुसरा मनाच्या श्लोकांतला आठवा श्लोक, मागे कीर्ती उरावी असे सांगणारा. दोन्ही थोर आहेत आणि ते आमच्या बऱ्याच सभासदांना पाठ आहेत. पण समारंभात म्हणण्याआधी ते कोणत्या प्रसंगाचे आहेत हे पाहावे. तुकोबा ज्या गावाला निघाले ते वैकुंठ होय. त्यांच्या वैकुंठगमनाच्या कीर्तनात तो अभंग म्हणतात. आमचा फिटर निघाला आहे तो आपल्या गावी, शेताचा बांध घालायला. त्याच्या बायकोने पुढच्या रांगेत बसून तो अभंग ऐकला तर तिच्या पोटात गोळा येईल.

रामदासांच्या श्लोकाचेही तेच. त्यातली कीर्ती मागे उरते ती देह ठेवल्यावर, आणि श्लोकाचा आरंभच देहत्यागाने होतो. पुढे चंदनासारखे झिजावे असे त्यात आहे. कामगाराला हे शोभते, असे पुष्कळांना वाटते. पण तो उपदेश रामदासांनी मनाला केला आहे. झिजावे हे माणसाने स्वतःच्या मनाला सांगायचे असते. वरिष्ठाने उभे राहून, ज्याची कंबर आधीच झिजली आहे अशा माणसाला ते ऐकवले, की शब्द तेच राहतात आणि अर्थ बदलतो. एका समारंभात अगदी असेच झाले, आणि मागच्या बाकावरून एक मिस्कील सभासद हळूच म्हणाला, ‘आणि उगाळणारे कोण?’ त्यानंतरचे भाषण कोणी ऐकले नाही.

तेव्हा श्लोक वापरूच नये का? वापरावा, पण तो आधी सबंध वाचावा. मागच्या आणि पुढच्या ओळींसकट वाचावा. आपल्याला आवडलेली अर्धी ओळ सभेत म्हटली तरी जाणत्यांच्या कानात उरलेला श्लोक आपोआप वाजतो, आणि तो थांबवणे आपल्या हाती नसते.

म्हणीचे थोडे निराळे आहे. म्हणीला मागची-पुढची ओळ नसते, पण तिला सवय असते. कोणत्या प्रसंगी, कोणत्या सुरात लोक ती म्हणतात, ही तिची सवय. आणि आमच्या पाहण्यात असे आले आहे की मराठी म्हणी बहुतेक टोचायलाच जन्मल्या आहेत. मोल्सवर्थ साहेबाचा कोश १८३१ साली निघाला, त्याची वाढवलेली आवृत्ती १८५७ साली. त्यात जागोजागी म्हणी आहेत. मॅनवेअरिंग नावाच्या मिशनऱ्याने १८९९ साली मराठी म्हणींचे एक पुस्तकच छापले. पुढे दाते आणि कर्वे यांचा वाक्संप्रदाय कोश झाला. त्यांतली पाने उलटा. आळशी, लोभी, बढाईखोर, कृतघ्न, ह्यांच्यासाठी म्हणींचा पूर आहे. शहाण्या, कष्टाळू, भल्या माणसासाठी मोजक्याच. वाईट माणसाला एका वाक्यात गार करायची गरज गावाला रोज पडत असावी. भल्या माणसाचे काम मान डोलावून भागत असावे.

म्हणून निरोपासाठी म्हण शोधणारा माणूस अडचणीत येतो. चांगली वाटणारी म्हण उचलतो आणि तिची टोचणी त्याच्या लक्षात येत नाही. बाणेदार माणसाच्या गौरवात ‘सुंभ जळाला तरी पीळ जात नाही’ असे म्हटलेले आम्ही ऐकले आहे. बोलणाऱ्याच्या मनात निर्धार होता. ऐकणाऱ्यांच्या कानात मात्र, सगळे गेले तरी मिजास जात नाही, हा नेहमीचा अर्थ. ‘टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही’ ही तशी टोचणारी नव्हे. पण कारखान्यातल्या निरोपात ती आली की प्रत्येकाच्या मनात येते की घाव घातले कोणी, आणि सगळे व्यासपीठाकडे पाहू लागतात. ‘जुने ते सोने’ म्हटले की नवी भरती झालेली पोरे आपण पितळ ठरलो म्हणून खट्टू होतात.

ह्यावर उपाय म्हणून हल्ली मोबाइलवर तयार चारोळ्या मिळतात. त्यांत टोचणी नसते हे खरे. पण नाव बदलून तीच चारोळी तलाठ्याला, मुख्याध्यापकाला आणि बस-वाहकाला चालते. ज्याला ती मिळते तो ती दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या समारंभात ऐकतो.

आता एक प्रकरण तपशिलाने सांगतो. गावाचे आणि माणसाचे नाव घेत नाही. आम्ही त्यांना मिस्त्री म्हणतो, इथेही तेच म्हणू. ते एका नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्ह उघडणारे-लावणारे कामगार होते. त्यांना लोक पाणीवाले म्हणत. १९९१ साली रोजंदारीवर लागले, २००३ साली कायम झाले, आणि २०२४ साली साठ वर्षे पूर्ण होऊन निवृत्त झाले. कागद लिहायला संघटनेच्या कचेरीत आम्ही पाचजण बसलो होतो. प्रत्येकजण एकेक म्हण घेऊन आला होता.

पाण्याचा माणूस म्हटल्यावर पहिली आली ‘थेंबे थेंबे तळे साचे’. आम्ही विचारले, मिस्त्रींनी काय साचवले? साचवणे हे त्यांचे कामच नव्हे. साचलेले पाणी वेळेवर सोडायचे आणि वेळेवर बंद करायचे, हे त्यांचे काम. म्हणीत पाणी आहे आणि माणूसही पाण्याचा आहे, एवढ्याने जोड बसत नाही. दुसरी आली ‘उथळ पाण्याला खळखळाट फार’. मिस्त्री अबोल, तेव्हा त्यांचे पाणी खोल, असा तो विचार होता. परंतु ही म्हण खोल पाण्याविषयी एक अक्षर बोलत नाही. ती बोलते उथळाविषयी. ती वाचली की सभेतले लोक उथळ कोण ते शोधू लागणार, आणि पाणीपुरवठ्याच्या खात्यात एक-दोन बोलके गृहस्थ होतेच. मिस्त्रींच्या निरोपात त्यांचा समाचार कशाला?

तेव्हा आम्ही म्हणींचे कागद बाजूला ठेवले आणि मिस्त्रींच्या हाताखालच्या दोघा पोरांना बोलावून घेतले. मिस्त्री पहाटे चारपासून काय करतात ते सगळे सांगा म्हटले. आमच्या मते निरोपाच्या कागदाचा खरा आरंभ इथे होतो. आधी तपशील आणायचा आणि म्हण मागून शोधायची. म्हण आधी ठरवली की माणूस तिच्या मापाने कापला जातो.

पोरांनी सांगितले ते असे. टाकीखाली सहा इंची नळीवर झडपेचा व्हॉल्व्ह आहे. खड्ड्यात उतरायचे नाही, वरूनच लांब दांड्याची चावी दांडीवर बसवायची आणि दोन्ही हातांनी फिरवायची. पूर्ण उघडायला वीसएक फेरे लागतात. नवा माणूस ते वीस फेरे एका दमात देतो. मिस्त्री चार देत आणि थांबत. रात्रभर नळी रिकामी असते, म्हणजे तिच्यात हवा भरलेली असते. पाणी एकदम सुटले की ती हवा पुढे कोंडते आणि जुन्या बिडाच्या नळ्यांचे शिशाने भरलेले सांधे ढिले होतात. म्हणून आधी थोडे पाणी सोडून नळी सावकाश भरू द्यायची. जमिनीला कान देऊन ऐकले की हवेची फसफस थांबल्याचे कळते, मग पुढचे फेरे. बंद करताना उलट. सुरुवातीचे फेरे भराभर दिले तरी चालतात, पण शेवटचे पाच-सहा फार हळू. धावते पाणी एकाएकी अडले तर त्याचा धक्का मागे नळीभर जातो. धप्प असा आवाज येतो, आणि तो आवाज आला की दोन दिवसांत कुठेतरी रस्ता ओला दिसू लागतो.

दुसरी गोष्ट. गावाच्या वरच्या टोकाला एक गल्ली आहे. तिथे पाणी सगळ्यांत शेवटी चढते. कागदावरच्या वेळापत्रकाप्रमाणे पंचेचाळीस मिनिटांनी व्हॉल्व्ह लावायचा. पण मिस्त्री सायकलवर त्या गल्लीच्या शेवटच्या घरापर्यंत जात, ओसरीवरचा हंडा भरला का ते पाहत, आणि मग मागे येऊन चावी लावत. तिसरीही एक गोष्ट पोरांनी सांगितली. टंचाईच्या साली चार दिवसांआड पाणी होते, तेव्हा एका वजनदार गल्लीने दहा मिनिटे जास्त मागितली. मिस्त्रींनी दिली नाहीत. गोष्ट त्यांना भूषण होती, पण आम्ही ती कागदातून वगळली. ती मंडळी सभेत पहिल्या रांगेत बसणार होती. आमचा समारंभ मिस्त्रींचा होता, त्या गल्लीचा नव्हता.

हे सगळे ऐकत असताना एक पोरगा उभा राहिला आणि चावी कशी फिरवायची ते दोन्ही हातांनी करून दाखवू लागला. ते पाहून आमच्यातल्या सफाई खात्याच्या मुकादमबाई म्हणाल्या, ‘अहो, मग हात फिरे तेथे लक्ष्मी वसे, हेच लिहा की.’ खोली गप्प झाली. म्हण अशी सापडली.

तरीही आम्ही ती लगेच घेतली नाही. ही म्हण कुठे म्हणतात? घर झाडून-सारवून ठेवणाऱ्या बाईविषयी म्हणतात, रोज रानात फेरी मारणाऱ्या शेतकऱ्याविषयी म्हणतात. रागाने कधी म्हणतात का? आम्ही दोन-तीन म्हाताऱ्या माणसांना विचारले. नाही म्हणाली. फार तर आळशी सुनेला ऐकवतात, पण त्यातही ज्याचा हात फिरतो त्याला दूषण नाही. म्हणजे म्हण त्या मोजक्या भल्या म्हणींपैकी निघाली. बाईची म्हण पुरुषाला लावली तर कमीपणा वाटेल, अशी शंका एकाने काढली. मुकादमबाईंनी त्याच्याकडे नुसते पाहिले आणि शंका मागे घेतली गेली.

खरी अडचण पुढची होती. शाळेच्या पुस्तकात ह्या म्हणीचा अर्थ देतात, जिथे उद्योग तिथे संपत्ती. मिस्त्रींनी उद्योग ३३ वर्षे केला. संपत्ती कुठे होती? त्यांतली १२ वर्षे रोजंदारीची. निवृत्तिवेतनाच्या हिशेबात धरली ती कायम झाल्यानंतरची २१. राहायचे घर पत्र्याचे. असल्या माणसापुढे ती म्हण पुस्तकी अर्थाने वाचली तर ती गौरव होत नाही, थट्टा होते. आमच्यातल्या एकाला वाटले की मग हीही म्हण सोडून द्यावी. दुसऱ्याला वाटले की तिची मोडतोड करावी, लक्ष्मीच्या जागी ‘पाणी’ घालावे. आम्ही दोन्हीला नको म्हटले. म्हणीतला शब्द बदलला की ती म्हण राहत नाही, घोषवाक्य होते, आणि घोषवाक्ये आमच्याकडे मोर्चासाठी पुष्कळ आहेत. म्हण आहे तशी ठेवावी, आणि ती वाचल्यानंतरच्या एका वाक्यात, लक्ष्मी कोणाच्या घरी वसली ते खरे-खरे सांगावे. म्हणीत हात आणि घर एकाच माणसाचे असले पाहिजे, असे कुठेही म्हटलेले नाही.

राहिला १२ वर्षांचा प्रश्न. कागदाची नक्कल कार्यालयात दाखवायला गेली तेव्हा एका अधिकाऱ्यांनी सुचवले की रोजंदारीचा उल्लेख काढा, शुभप्रसंगी कटुता कशाला. त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते. निरोपाच्या कागदात तक्रार घातली की जाणारा माणूस मागे पडतो आणि भांडण पुढे येते. पण १२ वर्षे गाळली तर ३३ ची २१ होतात. ज्या पहाटे मिस्त्री हजेरीपटावर नुसती एक काडी होते, त्या पहाटे त्यांनी पाणी सोडलेच नाही असा अर्थ होतो. आम्ही असे ठरवले की आकडा ठेवायचा आणि विशेषण एकही लावायचे नाही. अन्याय, उपेक्षा, खंत, ह्यांतला एकही शब्द नाही. त्या १२ वर्षांची मागणी करणारे निवेदन संघटनेने निराळ्या कागदावर, निराळ्या दिवशी दिले. तो अर्ज अजून चालू आहे. अधिकाऱ्यांनी आकडा दोनदा वाचला आणि कागद परत दिला.

मग संबोधनाची चर्चा झाली. छापील मानपत्रात ‘आपण’ लिहितात, आणि आपण म्हटले की मागून कृतार्थ, ऋषितुल्य, भूषणावह असे शब्द आपोआप चालत येतात. खात्यात मिस्त्रींना सगळे ‘तुम्ही’ म्हणत, तेव्हा कागदातही तुम्हीच ठेवले. लांबीचे म्हणाल तर मोठ्याने, सावकाश वाचून दोन मिनिटांच्या आत संपेल एवढाच लिहिला. त्यापुढे सभेचे लक्ष चहाकडे जाते, हे आम्ही घड्याळ लावून पाहिलेले आहे. तारखा सेवापुस्तकावरून घेतल्या, आणि नावाचे स्पेलिंग, म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ, त्यांच्या मुलीकडून तपासून घेतले. कागद शेवटी असा झाला.

‘मिस्त्री, तुम्ही १९९१ साली पाणीपुरवठ्यात आलात, त्याला आज ३३ वर्षे झाली. त्यांतली पहिली १२ वर्षे तुम्ही रोजंदारीवर होता. गावाने तुम्हाला फारसे पाहिले नाही, कारण गाव जागे होईपर्यंत तुमचे निम्मे काम झालेले असे. पहाटे चारला टाकीखाली चावी लावून तुम्ही चार फेरे देत होता आणि थांबत होता. नळीतली हवा निघून जाईपर्यंत थांबत होता. न थांबता पाच मिनिटे वाचली असती, आणि कुठेतरी एक सांधा गेला असता. वरच्या गल्लीतल्या शेवटच्या घरचा हंडा भरलेला डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तुम्ही व्हॉल्व्ह लावला नाही. जुनी माणसे म्हणतात, हात फिरे तेथे लक्ष्मी वसे. तुमचा हात चावीवर फिरला आणि लक्ष्मी आमच्या हंड्या-कळशांत वसली. उद्या पहाटे चावी दुसऱ्या हातात असेल. चार फेऱ्यांनंतर थांबायचे असते, हे त्या हाताला तुम्ही शिकवले आहे. तुमचे खात्यातले सोबती.’

ह्यात म्हण कुठे बसली आहे ते पाहा. आरंभी नाही आणि अखेरीसही नाही. आरंभी घातली असती तर सभेने मान डोलावून पुढचे ऐकणे सोडले असते, कारण म्हण ऐकली की अर्थ कळला असे प्रत्येकाला वाटते. अगदी शेवटी घातली असती तर टाळी म्हणीला पडली असती. चावी, चार फेरे आणि हंडा एवढे ऐकून झाल्यावर ती आली, म्हणून ‘हात फिरे’ ह्या दोन शब्दांत लोकांना मिस्त्रींचा हात दिसला. आणि नंतरची दोन वाक्ये पुन्हा कामाची ठेवली.

एका कागदात म्हण एकच. दोन म्हणी शेजारी आल्या की एकमेकींचे पाणी पिऊन टाकतात. मुकादमबाईंना आणखी एक सुचली होती, ती त्यांनी भाषणात वापरावी असे ठरले. त्यांनी ती वापरली नाही, नुसते मिस्त्रींच्या सायकलीविषयी बोलल्या, आणि ते भाषण आमच्या कागदाहून सरस झाले.

अशी प्रकरणे सांगताना, ज्यांना असा कागदच मिळाला नाही त्यांची आठवण होते. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. दोन-अडीच लाख माणसे बाहेर पडली, आणि त्यांतली पुष्कळ पुन्हा आत गेलीच नाहीत. साच्यावर वीस-वीस वर्षे काढलेल्या माणसाला कोणी निरोप दिला नाही आणि त्यानेही कोणाचा घेतला नाही. आजही ठेकेदाराच्या हजेरीवरचा कामगार एका सोमवारी यायचा थांबतो, आणि त्याच्या नावाने कोणी खुर्ची मांडत नाही. आमच्या संघटनेने दोन वर्षांपूर्वी ठराव केला की ठेक्यावरचा माणूस गेला तरी कागद लिहायचा. अडचण तपशिलाची येते. त्याने काय केले हे ज्यांना ठाऊक तेही ठेक्यावरचेच, आणि तेही बदलत राहतात. तरी विचारत गेले की सापडते. मागल्या महिन्यात एका पोराला कागद दिला, त्यात म्हण नव्हती. बसेल अशी सापडली नाही, म्हणून घातली नाही. सहाच ओळी होत्या, त्याच्या हातच्या कामाच्या.

मिस्त्रींच्या समारंभाचे राहिले. कागद वाचून झाल्यावर उत्तरादाखल त्यांना बोलायला सांगितले. असा वेळ ठेवावाच, आणि कोणी काही बोलले नाही तरी तो भरून काढायला धावू नये. मिस्त्री उभे राहिले. बराच वेळ शालीचे टोक सारखे करीत होते. मग त्या पोराकडे पाहून म्हणाले, ‘बाजारपेठेतल्या व्हॉल्व्हची दांडी दुसऱ्या फेऱ्याला अडते. जोर लावू नको. थोडे मागे घे आणि मग पुढे ने.’ आणि सगळ्यांना हात जोडून, ‘येतो,’ म्हणून खाली बसले.